चार हजार खोक्यांचा हिशेब

कोल्हापूरजवळच्या एका फरसाण कारखान्यात मी बावीस वर्षे स्टोअर सांभाळले. बेसन, तेल, मसाले, पाऊच आणि माल भरून पाठवायची नालीदार पुठ्ठ्याची खोकी, या सगळ्याची नोंद माझ्याकडे असे. शिक्षण बारावीपर्यंतचे. पुढचे गणित जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून आणि रात्री जागून शिकलो. त्यातच एके दिवशी ‘इकॉनॉमिक ऑर्डर क्वांटिटी’ हे प्रकरण हाती आले. एखादी वस्तू एका वेळी किती मागवावी, याचे उत्तर देणारे ते सूत्र. खरेदीखात्यातले लोक त्याला ‘ईओक्यू’ म्हणतात.

हे सूत्र मी वापरले, त्याने माझा फायदा झाला, आणि एकदा त्याच सूत्राच्या भरवशावर मी कारखान्याचे नुकसानही केले. ते नुकसान आकडे चुकल्यामुळे झाले नव्हते. आकडे बरोबर होते. हे असे कसे होऊ शकते, ते समजायला मला बरीच वर्षे लागली. या लेखात तेवढेच सांगायचे आहे.

सूत्र येते कुठून

प्रश्न साधा आहे. आमच्या मधल्या आकाराच्या खोक्यांचा खप वर्षाला २४,००० होता. एका खोक्याची किंमत २० रुपये. प्रत्येक वेळी माल मागवला की काही खर्च ठरलेला: टेंपोचे भाडे १,१०० रुपये, हमाली ३०० आणि नमुना तपासणे, बिल, बँक मिळून २००. एकूण १,६०० रुपये. टेंपोत एक हजार खोकी आली काय किंवा चार हजार आली काय, हा खर्च तोच. (टेंपो एकच पुरतो असे धरू, खोकी घडी घातलेली, सपाट येतात.)

दुसरीकडे, आलेले खोके पडून राहिले की त्याचाही खर्च असतो. कॅश क्रेडिटवरचे व्याज वर्षाला २ रुपये ४० पैसे, जागेचे १ रुपया २० पैसे आणि ओल, उंदीर, विमा, हाताळणी यांचे १ रुपया २० पैसे. म्हणजे एक खोके वर्षभर सांभाळायला ४ रुपये ८० पैसे.

आता थोडी थोडी खोकी मागवली तर टेंपोच्या फेऱ्या वाढतात. एकदम पुष्कळ मागवली तर गोदामात पैसा अडकतो. एका वेळी Q खोकी मागवली तर वर्षात २४,००० ÷ Q फेऱ्या होतील. गोदामातला साठा Q पासून सुरू होऊन शून्यापर्यंत उतरेल, पुन्हा Q होईल. म्हणजे सरासरी साठा Q ÷ २. प्रत्यक्ष आकडे घालून पाहू.

एका वेळी १,००० मागवली तर २४ फेऱ्यांचे ३८,४०० रुपये आणि साठवणुकीचे २,४००, एकूण ४०,८००. एका वेळी २,००० मागवली तर १९,२०० आणि ४,८००, एकूण २४,०००. चार हजार मागवली तर ९,६०० आणि ९,६००, एकूण १९,२००. आठ हजार मागवली तर ४,८०० आणि १९,२००. एकूण पुन्हा २४,०००.

सर्वांत कमी खर्च चार हजारांना आला, आणि तिथे दोन्ही खर्च नेमके सारखे झाले. हा योगायोग नाही. पुस्तकांत हे कलनशास्त्राने सिद्ध करतात, पण मला ते पहिल्यांदा कळले ते शाळेतल्या भूमितीने. वर्षाचा फेऱ्यांचा खर्च आणि वर्षाचा साठवणुकीचा खर्च यांचा गुणाकार करून पाहा. एकात Q छेदात आहे, दुसऱ्यात अंशात. गुणाकारात तो निघून जातो. म्हणजे एका वेळी कितीही मागवा, या दोन खर्चांचा गुणाकार बदलतच नाही. आता ज्या आयतांचे क्षेत्रफळ सारखे असते, त्यांत सर्वांत कमी परिमिती चौरसाची असते. तसेच ज्या दोन संख्यांचा गुणाकार ठरलेला आहे, त्यांची बेरीज सर्वांत कमी होते ती दोन्ही सारख्या असताना. म्हणून दोन खर्च समान मांडायचे आणि Q काढायचा:

Q = √(२DS ÷ H)

D म्हणजे वर्षाचा खप, S एका ऑर्डरचा खर्च आणि H एक नग वर्षभर सांभाळण्याचा खर्च. आमचे आकडे घातले की २ × २४,००० × १,६०० ÷ ४.८० म्हणजे १ कोटी ६० लाख, आणि त्याचे वर्गमूळ ४,०००. वर्षात सहा ऑर्डरी, दर दोन महिन्यांनी एक.

हे सूत्र प्रथम मांडले फोर्ड व्हिटमन हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने, १९१३ साली, ‘फॅक्टरी’ नावाच्या व्यवस्थापनविषयक मासिकात. त्याच्याकडे महाविद्यालयाची पदवी नव्हती. पुढे तो पेटंटचा वकील झाला. त्याचा मूळ लेख लोक विसरले. १९३४ मध्ये आर. एच. विल्सन याने साठा-नियंत्रणावर ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये लिहिले, आणि कित्येक वर्षे हे सूत्र त्याच्याच नावाने ओळखले गेले. १९९० मध्ये डोनाल्ड अर्लेनकॉटर या अमेरिकन प्राध्यापकाने हॅरिसची सगळी कहाणी अभ्यासपूर्वक पुढे आणली. यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. हॅरिसचा प्रश्न ‘किती विकत घ्यावे’ असा नव्हता. त्याच्या लेखाचा प्रश्न होता, एका वेळी किती नग बनवावेत. यंत्राची जुळवणी बदलायला जो खर्च येतो, तोच त्याच्या हिशेबातला S. या गोष्टीकडे मी शेवटी परत येणार आहे.

जे सूत्र माफ करते

नव्याने शिकणाऱ्याला पहिली शंका येते ती आकड्यांची. स्टोअरच्या कारकुनाचा पगार S मध्ये धरायचा का? कारखाना वर्षाला सगळ्या मालाच्या मिळून तीनशे ऑर्डरी काढत असे. कारकुनाचा वर्षाचा पगार १,८०,००० धरला तर एका ऑर्डरीला ६०० रुपये येतात. S मग १,६०० ऐवजी २,२०० होतो आणि सूत्र ४,००० ऐवजी सुमारे ४,६९० सांगते. खरे तर हा पगार धरू नये. दोन ऑर्डरी कमी काढल्या म्हणून कारकुनाला कोणी कमी पगार देत नाही. जो खर्च ऑर्डर काढल्याने वाढतो आणि न काढल्याने वाचतो, तेवढाच S मध्ये येतो.

पण समजा, मी चूक केली आणि ४,६९० मागवत राहिलो. वर्षाचे नुकसान किती? सुमारे अडीचशे रुपये. १९,२०० वर सव्वा टक्का. खर्चाचा आलेख तळाशी परातीसारखा सपाट आहे. चाराच्या जागी सहा हजार मागवली तरी खर्च १९,२०० वरून २०,८०० होतो, म्हणजे फक्त १,६०० रुपये जास्त. S किंवा H दुप्पट चुकला तरी एकूण खर्च साधारण सहा टक्क्यांनी वाढतो, कारण चूक वर्गमुळातून गाळून येते.

म्हणून व्याज ११ टक्के की १२, जागेचे भाडे धरायचे की नाही, यावर तास घालवण्यात अर्थ नाही. मी मात्र तेच करत बसलो होतो. अडचण कुठे होती, हे आलेख सांगत नव्हता, कारण अडचण आलेखाच्या बाहेर होती. या सूत्राने काही गोष्टी मुकाट्याने धरल्या आहेत: वस्तू एकटी आहे, खप रोज सारखा आहे, किंमत बदलत नाही आणि पडून राहिल्याचा खर्च रोज थोडा थोडा, सारख्या दराने वाढतो. आकड्यांतली चूक हे सूत्र पोटात घालते. गृहीतकांतली घालत नाही.

एक टेंपो, तीन आकार

पहिले गृहीतक मोडले ते आमच्या गेटवर. आमची खोकी तीन आकारांची: लहान, मधली, मोठी. पुरवठादार एकच. मी तिन्हींचा ईओक्यू वेगवेगळा काढला होता. प्रत्येकाचा दिवस वेगळा, टेंपो वेगळा. एके दिवशी टेंपोवाल्याने विचारले, “साहेब, परवाच मोठी खोकी आणली, आज मधली. एकदम का नाही सांगत?” टेंपो तर निम्मा रिकामा येत होता.

हिशेब सोपा व्हावा म्हणून तिन्ही आकारांचा खप आणि खर्च सारखाच धरू. वेगवेगळे मागवले तर प्रत्येकी १९,२००, तिन्हींचे मिळून ५७,६०० रुपये आणि वर्षात अठरा फेऱ्या. आता एकाच टेंपोत तिन्ही आणू. टेंपो आणि हमालीचे १,४०० रुपये एकदाच, आणि तपासणी-बिलाचे प्रत्येक आकाराला २०० प्रमाणे ६००. एका फेरीला २,०००. वर्षात नऊ फेऱ्या केल्या तर १८,००० रुपये फेऱ्यांचे आणि १९,२०० साठवणुकीचे, एकूण ३७,२००. वर्षाला वीस हजारांवर बचत, आणि प्रत्येक आकाराचा साठाही आधीपेक्षा कमी.

कारकुनाच्या पगाराच्या चुकीने अडीचशे गेले असते. वस्तू एकटी धरण्याच्या चुकीने वीस हजार जात होते. खरेदीत खरा खर्च बहुतेक वेळा वस्तूला चिकटलेला नसतो, फेरीला किंवा पुरवठादाराला चिकटलेला असतो. तिथे प्रश्न उलटा विचारावा लागतो: आधी फेऱ्या किती, मग प्रत्येक फेरीत कोणती वस्तू किती.

दिवाळीचा डोंगर

दुसरे गृहीतक सपाट खपाचे. २४,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला दोन हजार, हे कागदावर. फरसाणाच्या कारखान्यात असा महिना जवळपास नसतोच. आमचा खप ढोबळमानाने असा होता: जानेवारी ते जून महिन्याला १,०००, जुलैत १,५००, ऑगस्टमध्ये ३,०००, सप्टेंबरात ५,५००, ऑक्टोबरात ५,०००, नोव्हेंबरात २,००० आणि डिसेंबरात १,०००.

जानेवारीपासून दर दोन महिन्यांनी चार हजार मागवून पाहा. उन्हाळ्यात साठा चढत जातो. जुलैच्या सुरुवातीला गोदामात दहा हजार खोकी असतात, तीही कोल्हापूरच्या पावसात. आणि ऑक्टोबर संपताना एक हजार खोकी कमी पडतात. नको तेव्हा डोंगर आणि हवी तेव्हा टंचाई, दोन्ही एकाच वर्षात, एकाच ‘किफायतशीर’ आकड्याने.

अशा उंचसखल खपासाठी १९५८ साली वॅग्नर आणि व्हिटिन यांनी नेमके उत्तर काढण्याची रीत दिली, आणि १९७३ मध्ये सिल्व्हर आणि मील यांनी कागद-पेन्सिलीने करता येईल अशी सोपी रीत दिली. मी दुसरी वापरू लागलो. ती अशी: आज ऑर्डर काढायची आहे. ती एका महिन्यापुरती काढली तर दरमहा खर्च किती? दोन महिन्यांपुरती काढली तर? जोपर्यंत दरमहा सरासरी उतरते, तोपर्यंत पुढचा महिना जोडायचा. चढू लागली की थांबायचे.

खोके महिनाभर सांभाळायला ४० पैसे. ऑक्टोबरची ऑर्डर पाहू. फक्त ऑक्टोबरसाठी: १,६०० रुपये. नोव्हेंबर जोडला तर २,००० खोकी एक महिना थांबतील, ८०० रुपये. एकूण २,४००, दरमहा १,२००. डिसेंबर जोडला तर १,००० खोकी दोन महिने, आणखी ८००. एकूण ३,२००, दरमहा १,०६७. जानेवारी जोडला तर आणखी १,२००. एकूण ४,४००, दरमहा १,१००. सरासरी चढली. म्हणून ऑक्टोबरात तीन महिन्यांची आठ हजार खोकी मागवायची. याच रीतीने वर्षाच्या ऑर्डरी होतात: जानेवारीत ३,०००, एप्रिलमध्ये ३,०००, जुलैत ४,५००, सप्टेंबरात ५,५०० आणि ऑक्टोबरात ८,०००. चार हजार हा आकडा यात कुठेच नाही. (सप्टेंबरची गाडी आठ दिवस आधी बोलवावी लागते, कारण त्या दिवसांत पुरवठादारावर सगळ्यांचीच गर्दी असते. ते काम रीत करत नाही, स्टोअरवाल्याने करायचे.)

एक रुपयाची सूट

आता माझी चूक. २०१७ च्या मे महिन्यात पुरवठादाराने सांगितले, एकदम दहा हजार घेतली तर २० ऐवजी १९ रुपये. मालकांनी मला विचारले. मी रात्री हिशेब केला. वर्षाला २४,००० रुपये किमतीत वाचणार. दहा हजारांच्या ऑर्डरीने फेऱ्यांचा खर्च ३,८४० होतो, साठवणुकीचा २२,८०० (कारण किंमत उतरली की H ही थोडा उतरून ४ रुपये ५६ पैसे होतो). एकूण २६,६४०. आधीच्या १९,२०० पेक्षा ७,४४० जास्त. चोवीस हजारांतून ते वजा केले तरी १६,५६० निव्वळ फायदा. गणितात चूक नव्हती. सूट असताना हिशेब असाच करायचा असतो, हे आजही मी सांगेन. मी मालकांना म्हणालो, घ्या.

गोदामात सहा हजार मावत होती. चार हजार खोकी पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली लावली. खोक्यावर आमच्या उत्पादनाचे नाव, पत्ता आणि व्हॅटचा क्रमांक छापलेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागू झाला. त्या दिवशी आठ हजार खोकी शिल्लक होती आणि सगळ्यांवर जुना क्रमांक. स्टिकर छापून, माणसे बसवून एकेक खोके झाकले; खोक्यामागे सव्वा रुपया, दहा हजार रुपये गेले. दरम्यान शेडमधल्या थप्प्यांना पावसाची ओल लागली. पुठ्ठा हवेतले पाणी ओढून घेतो आणि त्याची भार सोसायची ताकद जाते. ती गेली आहे का, हे पाहायची खूण सोपी आहे: खोक्याची कड अंगठ्याने दाबायची. चांगल्या पुठ्ठ्याची नाली दाबाला विरोध करते. ओल लागलेली बसते ती बसतेच. खालच्या थरातली १,१०० खोकी अशी निघाली. १९ रुपयांनी २०,९०० रुपये. दोन्ही मिळून ३०,९००, आणि त्या ऑर्डरीत सुटीने वाचले होते दहा हजार.

मालक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “हिशेब तुमचा बरोबर असेल, पण पाऊस त्यात कुठं धरला होता?” धरला होता, हेच तर दुखणे. ओलीचा खर्च मी खोक्यामागे वर्षाला काही पैसे, असा सारखा पसरून धरला होता. पण ओल अशी पसरून येत नाही. गोदामातली सहा हजार खोकी कोरडी राहिली, त्यावरची भिजली. छापील मजकूर बदलतो तेव्हा रोज पाच पैशांनी जुना होत नाही. एका सकाळी सगळाच जुना होतो. सूत्रातला H उतारासारखा आहे. खरा खर्च पायरीसारखा होता, आणि पायरी नेमकी सहा हजारांवर होती.

मग सूट घेणे चूकच होते का? तेही तसे नाही. असा फटका पाच वर्षांतून एकदा बसत असेल, तर वर्षाला सरासरी ६,१८० रुपये. १६,५६० तून वजा केले तरी फायदा उरतो. दोन वर्षांतून एकदा बसत असेल, तर १५,४५०, म्हणजे फायदा जवळजवळ संपला. निर्णय या एका अंदाजावर उभा होता, आणि सूत्रात त्यासाठी अक्षरच नाही. मी तो प्रश्न स्वतःला विचारलाच नाही. विचारला असता, तर निदान जीएसटीची तारीख वर्तमानपत्रात रोज वाचत होतो, हे आठवले असते.

पुढच्या वर्षी मी पुरवठादाराकडे जाऊन बसलो आणि विचारले, एक रुपया नेमका कशामुळे सुटतो? तो म्हणाला, कागदाचे रीळ एकाच मापाचे लागते, यंत्र एकदाच जुळवावे लागते. म्हणजे हॅरिसचाच प्रश्न, एका वेळी किती बनवावेत. दहा हजार हा त्याच्या यंत्राचा ईओक्यू होता, आणि सूट देऊन तो त्याचा साठा आमच्या शेडमध्ये ठेवत होता. मग आम्ही असे ठरवले: वर्षाचा खप आम्ही लेखी द्यायचा. त्याने कोरे पुठ्ठे आपल्या सोयीने एकदम कापून ठेवायचे. छपाई आणि पोच आमच्या पाच तारखांना. दर साडेएकोणीस. यंत्राची जुळवणी त्याची वाचली, छापील माल पावसात आमच्याकडे पडून राहायचा थांबला.

त्या कराराचा आकडा कोणत्याही सूत्रातून निघाला नव्हता. पण काय विचारायचे, हे सूत्रानेच शिकवले होते. अजूनही कोणी स्टोअरवाला ईओक्यू घेऊन माझ्याकडे आला, तर मी वर्गमूळ तपासत नाही. चार गोष्टी विचारतो: हा टेंपो आणखी काय आणतो, खप कोणत्या महिन्यात चढतो, गोदाम कितीला भरते आणि खोक्यावर छापले काय आहे.